अकरावी रात्र

झोपेची गोळी पहिल्यांदा घ्यायला आलेला माणूस काउंटरवर लगेच ओळखू येतो. डॉक्टरांची चिठ्ठी तो घडी घातलेलीच पुढे करतो. मागे कोणी उभं असेल तर आधी क्रोसिन मागतो, गर्दी ओसरली की खिशातून ती चिठ्ठी काढतो. प्रश्न मात्र बहुतेकांचा एकच असतो आणि तो हळू आवाजात येतो: "सवय नाही ना लागणार?"

पुण्यातल्या एका मेडिकल दुकानात मी चौदा वर्षं उभी आहे. या प्रश्नाला काउंटरवर उभ्याउभ्या उत्तर देता येतं, पण ते ऐकू जात नाही. तीन आठवडे नीट न झोपलेल्या माणसाला चार वाक्यं सलग सांगितली तर घरी पोचेपर्यंत त्याच्याजवळ एखादं उरतं, आणि तेही "जेवणानंतर घ्या" हे, जे मी सांगितलेलंच नसतं. म्हणून मी बिलाच्या आकाराच्या कागदावर हाताने लिहून देते. गोळी कधी घ्यायची, दारूचं काय आणि किती दिवस घ्यायची, एवढंच त्यात असतं. तोच कागद इथे जरा मोकळेपणाने मांडते, कारण हल्ली ही चिठ्ठी घेऊन येणारे पंचविशी-तिशीतले जास्त दिसतात.

मी बोलतेय ते झोल्पिडेमबद्दल. झोपेच्या गोळ्या अनेक आहेत आणि प्रत्येकीचं वागणं निराळं असतं, त्यामुळे इथलं सगळं दुसऱ्या गोळीला लावू नका. उदाहरण म्हणून एक मुलगी घेते. वय सव्वीस, नोकरी हिंजवडीत. तिचे वडील तीन आठवडे आयसीयूत होते, ती बाहेरच्या बाकांवर रात्री काढत होती. वडील बरे होऊन घरी आले, पण हिची झोप परत आली नाही. डॉक्टरांनी लिहिलं होतं: झोल्पिडेम 5 मिलिग्रॅम, एचएस, 10 दिवस.

त्या 'एचएस'पासूनच सुरुवात करावी लागते. ही लॅटिन अक्षरं आहेत, अर्थ 'झोपायच्या वेळी'. आपल्या घरांमध्ये रात्रीचं औषध म्हणजे जेवणानंतरचं औषध. आजोबांची बीपीची गोळी, आईची कॅल्शियमची गोळी, सगळं ताटावरून उठल्यावर पाण्याबरोबर. ही गोळी त्या रांगेत बसत नाही. पोट भरलेलं असलं की ती रक्तात उशिरा उतरते. नऊला जेवून साडेनऊला गोळी घेतली, दहा वाजले, सव्वादहा झाले, काहीच होत नाही. मग माणूस ठरवतो की गोळी हलकी आहे, आणि दुसरी घेतो. थोड्या वेळाने दोन्ही एकदम चढतात. म्हणून जेवण आणि गोळी यांत निदान दोन तास जाऊ द्या.

माझ्या कागदावर पहिली ओळ अशी असते: "दात घासून, दार लावून, दिवा बंद करायच्या आधी गोळी. गोळीनंतर फक्त उशी." लोक हसतात. पण ही गोळी अर्ध्या तासात काम सुरू करते, आणि ते काम एकाच जागी होत नाही. तुम्ही जागे दिसता, बोलता, चालता, मोबाइल हाताळता, पण मेंदूतलं आठवणी नोंदवून ठेवायचं खातं त्याआधीच बंद झालेलं असू शकतं. गुंगी अंगावर घेऊन जागत राहिलात तर तो वेळ दुसऱ्या दिवशी कोराच निघतो. कोणी रात्री पावणेबाराला जुन्या माणसाला लांबलचक मेसेज केलेला असतो, कोणी बिर्याणी मागवून अर्धी खाल्लेली असते. सकाळी डबा समोर दिसतो, आठवण नसते. गोळी घेऊन "झोप येईपर्यंत" रील्स बघणं ही माझ्या मते तरुण गिऱ्हाइकांची या औषधाशी वागण्यातली सगळ्यात वाईट खोड आहे. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि मग गोळी घ्या. हाच क्रम ठेवा.

याहून गंभीर गोष्टही घडू शकते. काही लोक ही गोळी घेऊन झोपतात आणि पूर्ण जागे न होताच उठतात. गॅस पेटवतात, घराबाहेर जातात, गाडीसुद्धा चालवतात. हे क्वचित होतं, पण पहिल्या गोळीलाही होऊ शकतं, कमी डोसलाही आणि दारू न पिता सुद्धा. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2019 मध्ये यासाठी औषधाच्या माहितीपत्रकात सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. त्यामुळे त्या मुलीला मी सांगितलं, "रूममेटला सांगून ठेव की मी आजपासून ही गोळी घेतेय. स्कूटीची किल्ली रात्री तिच्याकडे दे." ती जरा ओशाळली. मी म्हटलं, "अगं, बाकी कुणाला सांगू नकोस, पण एका माणसाला माहीत असू दे." असं काही एकदा जरी घडलं तर ती गोळी पुन्हा घ्यायची नाही, डॉक्टरांना कळवायचं. "आज बघू, परत होतं का" हा प्रयोग करायचा नाही.

आता घड्याळ. गोळी घेण्यापूर्वी हातात सात-आठ तास आहेत का, हे आधी मोजायचं. त्या मुलीला साडेआठला स्कूटीवर बसायचं असतं. ती साडेअकराला गोळी घेते असं धरू. औषध रक्तात सर्वात जास्त साधारण दीड तासाने असतं, म्हणजे एकच्या सुमारास. तिथून पुढे दर अडीच तासांनी ते निम्मं होत जातं. साडेतीनला निम्मं, सहाला पाव, साडेआठला आठवा हिस्सा. हे ढोबळ गणित आहे. कोणाचं शरीर याहून भराभर औषध संपवतं, कोणाला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. पण अंदाज येतो.

आता समजा ती रात्री तीनला जागी झाली आणि वैतागून दुसरी गोळी घेतली. ही दुसरी साडेचारला शिखरावर जाते. साडेआठला तिच्यातलं तिसरा हिस्सा औषध अजून शिल्लक असतं, वर पहिलीचा आठवा हिस्सा आहेच. म्हणजे एकच गोळी घेतली असती त्याच्या साडेतीन-चार पट औषध अंगात घेऊन ती मुंबई-बंगळुरू हायवेच्या सर्व्हिस रोडला लागते. तिला झोप आल्यासारखं वाटेलच असं नाही, आणि अडचण तीच आहे. ब्रेक दाबायला लागणारा क्षण लांबतो, पण तो लांबल्याचं स्वतःला कळत नाही. म्हणून कागदावर दुसरी ओळ: "रात्री जाग आली तर दुसरी गोळी नाही. कितीही वाजले असोत." आणि पहिले दोन-तीन दिवस तरी सकाळी स्वतः गाडी चालवू नका. रिक्षा करा, कोणाच्या मागे बसा. आपण कसे उठतो हे आधी बघा.

तिच्या चिठ्ठीत 5 मिलिग्रॅम होतं आणि तिच्या ऑफिसमधला एक मुलगा 10 घेतो, म्हणून आपला डोस कमी पडेल अशी तिला शंका होती. बायकांच्या शरीरातून झोल्पिडेम पुरुषांपेक्षा सावकाश जातं. आठ तासांनंतरही त्यांच्या रक्तात गाडी चालवायला धोक्याचं ठरेल इतकं औषध राहू शकतं, हे लक्षात आल्यावर 2013 मध्ये अमेरिकेत बायकांसाठीचा शिफारस केलेला डोस 10 वरून 5 वर आणला गेला. औषध बाजारात येऊन तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती. इतकी वर्षं दोघांना एकच माप लावलं जात होतं, याचं मला अजून नवल वाटतं. तेव्हा मित्राची गोळी आणि तुमची गोळी यांची तुलना नको, आणि त्याची उसनी घेणं तर अजिबात नको.

दारूबद्दल बोलताना लोक वकील होतात. व्हिस्की नको हे त्यांना मान्य असतं, पण बिअर ही दारूत धरायची का यावर चर्चा सुरू होते. त्या मुलीचा प्रश्न मात्र सरळ होता. "ताई, शनिवारी मैत्रिणीचं संगीत आहे. सातला दोन ग्लास वाइन घेतली आणि गोळी बाराला घेतली तर पाच तास होतात. चालेल ना?"

यात किती तास जावे लागतात याचं उत्तर मी देत नाही. दोन ग्लास कधीच दोन राहत नाहीत आणि सात वाजता सुरू झालेलं सातला संपत नाही, हे एक कारण. दुसरं कारण शरीराचं आहे. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, त्याचं काम पेशींना शांत करायचं. झोल्पिडेम याच गाबाचा जोर वाढवतं आणि दारूही बऱ्याच अंशी तेच करते. एका ब्रेकवर दोन पाय पडतात. मग नुसती झोप गाढ होऊन थांबत नाही, श्वास मंदावतो. पोटातून उलटी वर आली तर ठसका लागून जाग यायला हवी, ती येत नाही. आणि मघाशी म्हटलं ते झोपेत चालणं, कोरी आठवण, त्याचीही शक्यता वाढते.

म्हणून नियम तासांचा ठेवू नका, संध्याकाळचा ठेवा. ज्या संध्याकाळी एक घोटही घेतला, त्या रात्री गोळी नाही. मी तिला म्हटलं, "संगीतला वाइन घे किंवा गोळी घे, जे हवं ते ठरव. वाइन घेतलीस तर फार तर एक रात्र नीट झोप लागणार नाही. तीन आठवडे लागली नाहीये, त्यात एक." चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी भरून काढायची नसते, हेही सांगितलं. ही अँटिबायोटिक नाही की कोर्स मोडेल. तिने विचार करून सांगितलं की ती त्या रात्री गोळी सोडेल. मला ते उत्तर आवडलं, कारण ते खरं होतं. "नाही हो ताई, मी पीतच नाही" असं म्हणून गेलेल्यांची मला जास्त काळजी वाटते.

दारूच्या ओळीखाली मी आणखी काही नावं लिहिते, कारण ती दारूसारखी दिसत नाहीत. सर्दीची गुंगी आणणारी गोळी, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, दुखण्यावरची ट्रामाडॉल, आणि मावशीने प्रेमाने दिलेली अर्धी क्लोनाझेपाम. यांतलं काहीही आधीपासून चालू असेल तर काउंटरवर सांगा, लाजू नका. घोरताना मध्येच श्वास थांबतो असं कोणी तुम्हाला सांगितलं असेल, लिव्हरचा त्रास असेल, दिवस गेले असतील, तर गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना हे माहीत असलंच पाहिजे. आणि गोळी घेतलेला माणूस हलवूनही उठत नसेल, श्वास फार सावकाश किंवा अडखळत चालला असेल, तर लिंबूपाणी पाजत बसू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

आता सवयीचा प्रश्न, ज्यासाठी सगळे येतात.

आमच्याकडे एक काका येतात. निवृत्त, नीटनेटके, चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत. बायपासनंतर त्यांना दहा दिवसांसाठी ही गोळी दिली होती. त्याला आता नऊ वर्षं झाली. ते नशेडी नाहीत, डोस वाढवत नाहीत, कोणाशी खोटं बोलत नाहीत. त्यांना विचारलं तर सांगतात, "दोनदा बंद करून पाहिली. झोपच येत नाही हो. मला लागतेच." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की सवय लागते ती नेमकी कोणत्या रात्री, याचं माझं एक मत झालंय. पहिल्या रात्री नाही, पाचव्या रात्री नाही. गोळी बंद केल्याच्या पहिल्या रात्री. त्या मुलीच्या हिशेबाने अकराव्या.

ही गोळी रोज घेतली की मेंदू बाहेरून येणाऱ्या त्या मदतीची दखल घेतो आणि स्वतःचा ब्रेक थोडा सैल सोडतो. मग एके रात्री मदत येत नाही. सैल झालेला ब्रेक लगेच कसला जात नाही, त्याला एक-दोन रात्री लागतात. त्या रात्री झोप गोळीच्या आधी होती त्याहूनही वाईट लागू शकते. स्वप्नं अंगावर येतात, बारीक आवाजानेही जाग येते. सगळ्यांना होतं असं नाही. दहा दिवस 5 मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी अनेकांना काहीच जाणवत नाही. पण ज्यांना जाणवतं ते रात्री दोन वाजता छताकडे बघत एक निष्कर्ष काढतात: आजार परत आला, गोळीशिवाय माझं भागत नाही. तो आजार नसतो, औषध जात असल्याची खूण असते. तिसऱ्या-चौथ्या रात्री ती आपोआप विरते. पण तोवर थांबतो कोण? दुसऱ्याच रात्री माणूस गोळी घेतो, छान झोपतो, आणि निष्कर्ष पक्का होतो. काका दोनदा बंद करून पाहिली म्हणतात ना, दोन्ही वेळा ते दोन रात्रींत परतले होते.

म्हणून माझ्या कागदावरची सगळ्यात मोठी नोंद अकराव्या रात्रीची असते. मी तारीखसुद्धा घालते. "या रात्री झोप वाईट लागू शकते. बाराव्या रात्रीही. हे अपेक्षित आहे. दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम ठेवू नका. दुपारी झोपू नका. सकाळी रोजच्याच वेळेला उठा." त्या मुलीची अकरावी रात्र सोमवारवर येत होती. मंगळवारी तिचं रिव्ह्यू होतं. आम्ही काउंटरवरच कॅलेंडर बघितलं. एक गोळी तर संगीतच्या रात्री वगळली जाणारच होती, पण उरलेली सोमवारी घेऊन टाकण्याऐवजी तिने डॉक्टरांना फोन केला आणि शेवटची गोळी शुक्रवारी घेऊन थांबायचं ठरवलं. म्हणजे पहिल्या मोकळ्या रात्री शनिवार-रविवारच्या आल्या.

दोन ते चार आठवड्यांपलीकडे ही गोळी चालू ठेवायची नसते, हे जगभर मानलं जातं. त्याच्या पुढे तिचा उपयोग कमी होत जातो आणि सोडणं कठीण. तुम्ही हे वाचताय आणि गोळी सुरू होऊन सहा महिने झाले असतील तर वरचा अकराव्या रात्रीचा सल्ला तुमच्यासाठी नाही. इतक्या दिवसांनंतर एकदम थांबवलं तर छाती धडधडणं, हात थरथरणं, क्वचित फिटसुद्धा येऊ शकते. ती गोळी डॉक्टरांनी आठवड्या-आठवड्याने कमी करत आणायची असते. काकांचं सध्या तसंच चाललंय. त्यांच्या डॉक्टरांनी डोस खाली आणायला घेतलाय, आणि काका दर वेळी मला किती राहिलं ते बोटांवर दाखवतात.

दहा गोळ्या लिहिल्या असतील तर मी दहाच देते, आख्खी पट्टी पंधराची असली तरी कापून. "पुन्हा यायला नको म्हणून पूर्ण द्या ना," असं म्हणणारे रोज असतात. झोल्पिडेम शेड्यूल एच 1 मध्ये येतं. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही आम्हाला तीन वर्षं ठेवावी लागते. पण वही नसती तरी मी दहाच दिल्या असत्या. न झोपणाऱ्या माणसाच्या उशाशी जास्तीच्या गोळ्या असू नयेत. झोप उडण्यामागे कधी कधी नुसती काळजी नसते, जगणंच नकोसं झालेलं असतं, आणि ते काउंटरवर कोणी सांगत नाही. तसं काही मनात येत असेल तर गोळी हा त्यावरचा उपाय नाही. डॉक्टरांना ते शब्दांत सांगा, किंवा 14416 या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर रात्री-बेरात्री बोला, फोन मोफत आहे.

ती मुलगी नंतर वडिलांची औषधं घ्यायला आली होती. शनिवारची रात्र वाईट गेली म्हणाली, रविवारची जरा बरी, आणि मग कधीतरी तिने मोजणं सोडून दिलं. पट्टीत दोन गोळ्या उरल्या होत्या. "ठेवून देऊ का ताई? एखाद्या वाईट रात्रीसाठी?" मी नको म्हटलं. त्या पट्टीतून काढून वापरलेल्या चहाच्या चोथ्यात मिसळायच्या, पिशवीला गाठ मारायची आणि कचऱ्यात टाकायच्या. संडासात टाकायच्या नाहीत, बाबांच्या औषधांच्या डब्यात तर अजिबात नाही.